पाणी आलं आणि धरण आटलं

ती. पालकांस,



काल रात्री साडेअकराला तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. फोटोत जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लॅस्टिक, शेंगदाण्याच्या चटणीची वाटी, पंख्याच्या पात्याची सावली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भरभक्कम अंगठा इतकं सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं. या सर्वांनी सरकून जी जागा सोडली होती, तिथे चिरंजीवांची गणिताची वही होती. खाली मजकूर होता : ‘सर, सहावीत याला हे सगळं यायचं. आता सातवीत ८ पैकी ४. सिली मिस्टेक्सच आहेत ना?’ त्यापुढे जोडलेले हात आणि रागाने लाल झालेला एक चेहरा. हात माझ्यासाठी आणि चेहरा चिरंजीवांसाठी होता, असं मी गृहीत धरतो.

‘सिली मिस्टेक’ हा आपल्या शहरातला फार लाडका आजार आहे. गारखेड्यापासून सिडकोपर्यंत एकाही घरात ‘आमच्या मुलाला हे समजलेलं नाही’ असं ऐकायला मिळत नाही. त्याला सगळं येत असतं, फक्त पेपरात गडबड होते. गडबड होते म्हटलं की मूल हुशार राहतं, आईवडील निर्दोष राहतात आणि शिकवणीवाल्याने फक्त ‘सराव वाढवा’ म्हणायचं असतं. या वेळी मला तसं म्हणता येत नाही. तुमच्या मुलाने सिली मिस्टेक एकही केलेली नाही. त्याने आठही उदाहरणं अतिशय मन लावून, एका नियमाने, शिस्तीत सोडवली आहेत. गडबड त्या नियमात आहे. फोनवर सांगायला गेलो तर तुम्ही ‘बरं सर, बोलतो त्याच्याशी’ म्हणाल, आणि तुमचं ते बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जाईल. म्हणून लिहून कळवतो आहे.

आधी वहीतली उदाहरणं उतरवून घेतो, कारण चौथ्यावर वाटीची सावली आहे.

१) −७ + ३ = −१०
२) (−५) + (−४) = ९
३) ६ − (−२) = ८
४) ४ − ९ = −५
५) −३ − ८ = ११
६) (−४) × (−३) = १२
७) −४ − (−६) = −१०
८) (−६) × २ = −१२

तिसरं, चौथं, सहावं आणि आठवं बरोबर. बाकी चार चूक. शाळेतल्या बाईंनी लाल शाईने तसंच तपासलं आहे आणि खाली ‘सराव हवा’ असा शेरा दिला आहे. चाळीस-पन्नास वह्यांचा गठ्ठा समोर असताना मीही याहून जास्त काही लिहिलं नसतं. पण फक्त चुकलेली चार पाहिली तर ती चार वेगवेगळी भांडणं वाटतात. बरोबर आलेली चार त्यांच्या शेजारी ठेवून पाहिली की भांडण एकच आहे हे कळतं.

फोटो मोठा करून पाहा. दुसऱ्या उदाहरणात दोन्ही उणे चिन्हांभोवती पेन्सिलीने बारीक गोल केले आहेत आणि दोन्ही गोलांना जोडून वर इवलासा ‘+’ लिहिला आहे. तिसऱ्यात तसंच. पाचव्यात तसंच. सातव्यातही असणार, पण तिथे तुमचा अंगठा आहे. त्याच्या नखाच्या वर ‘+’ची एक बाजू तेवढी डोकावते. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्या अंगठ्याखाली दडला होता, हे आपल्या दोघांतच राहू द्या.

त्या गोलांवरून चिरंजीवांची पद्धत सरळ वाचता येते. उदाहरण दिसलं की तो आधी चिन्हं मोजतो. दोन उणे सापडले, ते एकमेकांना चिकटलेले असोत की लांब, की त्यांचा ‘+’ करायचा आणि संख्यांची बेरीज करायची. म्हणून दुसऱ्याचं उत्तर ९ आणि पाचव्याचं ११. एक उणे आणि एक अधिक असेल, तर उत्तराला उणे लावायचा आणि मध्ये अधिक दिसतोय म्हणून बेरीज करायची. म्हणून पहिल्याचं उत्तर −१०. नुसता एकच उणे असेल, तर मोठ्यातून लहान वजा करायचं आणि पुढे उणे चिकटवायचं. चौथं उदाहरण बरोबर आलं ते असं. तिथे नीट पाहिलंत तर ५ पुसट आहे आणि त्याच्या अलीकडची रेघ गडद आहे, म्हणजे आकडा आधी आला आणि चिन्ह मागाहून येऊन त्याला चिकटलं. ४ पासून मागे चालत जाऊन −५ ला पोचलेल्या मुलाची रेघ आणि आकडा एकाच दमात उतरतात.

सातव्या उदाहरणाने तर मला त्याचं कौतुकच वाटलं. −४ − (−६). तीन उणे! त्याने शेजारच्या दोघांचा ‘+’ केला, म्हणजे उदाहरण −४ + ६ झालं. इथपर्यंत तो शंभर टक्के बरोबर आहे. उत्तर २ यायचं. पण आता समोर एक उणे आणि एक अधिक उरले, त्यावर पहिल्या उदाहरणाचा नियम लागला आणि −१० आलं. अर्धा रस्ता बरोबर, पुढचा अर्धा चुकीच्या दिशेने, पण दोन्हीकडे सारख्याच आत्मविश्वासाने.

म्हणजे या मुलाने ८ पैकी ४ मिळवले असं म्हणणं फारसं खरं नाही. त्याने एकच गोष्ट आठ वेळा केली आणि ती चार वेळा उत्तरपत्रिकेशी जुळली. तुम्ही स्वतः वाळूजला क्वालिटीत आहात, त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मशिनवर निघणाऱ्या प्रत्येक नगाला भोक दोन मिलिमीटर डावीकडे पडत असेल, तर तुम्ही ऑपरेटरला ‘लक्ष देऊन काम कर’ असं सांगत नाही, सेटिंग पाहता. लक्ष देऊन काम केलं तर तो आणखी नेमकेपणाने दोन मिलिमीटर डावीकडेच भोक पाडेल.

ही माझी कल्पनाशक्ती तर नाही ना, हे तपासायचा एक सोपा मार्ग असतो. आज संध्याकाळी तो आला तेव्हा मी आधी एका चिठ्ठीवर तीन उत्तरं लिहून ती कंपासपेटीखाली ठेवली आणि मग त्याला तीन नवी उदाहरणं दिली : −२ + ९, −१ − १ आणि ८ + (−८). त्याने −११, २ आणि −१६ अशी उत्तरं काढली. मी चिठ्ठी उघडून दाखवली. तिच्यावर −११, २ आणि −१६ होतं. तो इतका खूश झाला की ‘सर, तुमची आणि माझी तिन्ही उत्तरं सेम आली!’ असं ओरडला. खरी उत्तरं ७, −२ आणि ० आहेत हे सांगताना मला जड गेलं. पण मुद्दा सिद्ध झाला. निष्काळजी मुलाच्या चुकांचं भाकीत करता येत नाही. तो आज पहिलं चुकेल, उद्या तिसरं चुकेल आणि परवा दोन्ही बरोबर काढेल. ज्याची चूक आधी लिहून ठेवता येते, त्याच्या डोक्यात नियम असतो.

हा नियम आला कुठून, हे तुम्हाला ऐकायला थोडं अवघड जाईल, कारण तो थोडासा तुमच्या घरातूनही आला आहे. सहावीत तो पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी संख्यारेषेवर शिकला. उजवीकडे जा, डावीकडे जा, जिथे पोचाल ते उत्तर. तेव्हा त्याला −७ + ३ हे −४ येतच होतं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. सातवीत पूर्णांकांचा गुणाकार आणि भागाकार आला. तिथे चिन्हांचा नियम खरोखरच छोटा आणि गोड आहे : दोन्ही चिन्हं सारखी असतील तर उत्तर धन, वेगळी असतील तर ऋण. वर्गात त्याचं गाणं झालं, ‘मायनस मायनस प्लस, प्लस मायनस मायनस’. घरी आईने ते स्वयंपाक करता करता म्हणून घेतलं, बाबांनी स्कूटरवर म्हणून घेतलं. गाण्यात फक्त एक शब्द गाळला गेला. ‘गुणाकारात’ हा शब्द चालीत बसत नाही. तो गळाल्यावर नियम मोकाट सुटला आणि बेरीज-वजाबाकीच्या रानात शिरून सहावीचं सगळं पीक खाऊन गेला. सहावीत येत होतं आणि सातवीत येत नाही, याचं कारण मूल ढ झालं हे नव्हे. त्याने सातवीचा धडा फार मनापासून पाठ केला, हे आहे.

नियमाला गुणाकार-भागाकाराबाहेर आणखी एक हक्काचं घर आहे, हेही सांगायला हवं. एखाद्या संख्येतून ऋण संख्या वजा करायची असेल, तर ते तिची विरुद्ध संख्या मिळवण्यासारखंच असतं. म्हणून ६ − (−२) हे ६ + २ होतं. तिथे दोन उणे चिन्हं कंसाच्या अलीकडे-पलीकडे लगटून उभी असतात आणि त्यांचा ‘+’ करणं कायदेशीर आहे. पण −३ − ८ मध्ये दोन उणे आहेत ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत. पहिला उणे तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतो, शून्याच्या खाली तीनवर. दुसरा काय करायचं ते सांगतो, आणखी आठ खाली जा. मुलगा मात्र ‘मायनस थ्री मायनस एट’ असं वाचतो, त्याला दोन्ही मायनस सख्खे भाऊ वाटतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो.

ज्यांना वाटतं की आजच्या मुलांचंच काही तरी बिनसलं आहे, त्यांच्यासाठी थोडा जुना दाखला. ब्रह्मगुप्ताने सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात धन आणि ऋण संख्यांचे नियम आहेत. त्याने बेरजेचे नियम वेगळे सांगितले आणि गुणाकाराचे वेगळे. दोन ऋणांची बेरीज ऋणच, दोन ऋणांचा गुणाकार मात्र धन. या दोन गोष्टी एका दमात, एका चालीत म्हणून टाकाव्यात असं त्याला वाटलं नाही. आपण चौदाशे वर्षांनी वेळ वाचवायला गेलो आणि त्या वाचलेल्या वेळात मुलाला रागावतो आहोत.

आता औषध. मी संख्यारेषा काढायला घेतली तेव्हा चिरंजीवांनी ‘ते सहावीचं आहे’ असं म्हणून तोंड फिरवलं. सातवीतल्या माणसाला सहावीचं काही दाखवणं हा अपमान असतो. म्हणून मी रेषा उभी केली आणि तिला जायकवाडी असं नाव दिलं.

आपल्या शहरातल्या मुलांना ऋण संख्या समजू नयेत, हे खरं म्हणजे नवल आहे. बाकीच्या गावांत मुलांना उणे संख्या म्हणजे काश्मीरचं तापमान किंवा मॉलचं तळघर अशा दूरच्या गोष्टी सांगून समजवाव्या लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्तमानपत्रच धडा घेतं. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, आणि त्याच्या खाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. तो संपला की धरण शून्य टक्के. पण धरणात पाणी असतंच, पिण्यासाठी ते उपसावं लागतं आणि मग पातळी शून्याच्या खाली उतरते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या घरी नळ किती दिवसांआड येतो यावर मी बोलत नाही, तो विषय गणिताच्या पलीकडचा आहे. पण शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे, शून्य ही फक्त माणसांनी ठरवलेली एक खूण आहे आणि तिच्या खालीही मोजायला बरंच काही असतं, हे या शहरातलं पोर नळाच्या रांगेत शिकतं.

तर उभी रेषा काढली, मध्ये शून्य. म्हटलं, धरण उणे सात टक्क्यांवर आहे. नाशिककडून पाणी सुटलं आणि तीन टक्के भर पडली. तुझ्या वहीप्रमाणे धरण आता कुठे आहे? त्याने वही पाहिली आणि म्हणाला, ‘उणे दहा.’ मग त्याचा चेहरा थोडा वाकडा झाला. पाणी आलं आणि धरण आणखी आटलं! मराठवाड्याने नाशिक-नगरवर आजवर अनेक आरोप केले आहेत, पण पाणी सोडून धरण आटवल्याचा आरोप अजून कुणाच्या भाषणात आलेला नाही.

पाचवं उदाहरण घेतलं. धरण उणे तीनवर, शहराने आठ टक्के उपसलं. वहीप्रमाणे धरण अधिक अकरावर! हे खरं असतं तर पाणीप्रश्न एका दुपारी सुटला असता. मोठमोठ्या जलवाहिन्या टाकायची गरज नव्हती, नुसते पंप चालू ठेवायचे, जितकं उपसाल तितकं धरण भरत जाईल. यावर चिरंजीव पोट धरून हसले. मग मी विचारलं, ‘तर मग बरोबर काय?’ तो लगेच म्हणाला, ‘सर, उपसलं की खालीच जाणार ना! उणे अकरा.’ आणि दुसऱ्याच क्षणी अगदी गंभीर होऊन त्याने पुढचं वाक्य टाकलं : ‘पण मायनस मायनस प्लस असतं ना, म्हणून मी अकरा लिहिलं.’

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. पाणी कुठे जाईल हे त्याला माहीत आहे. पण वहीत नियम चालतो आणि धरणात अक्कल चालते, अशी त्याने दोन खाती वेगळी ठेवली आहेत. आपल्याला फक्त त्या दोन खात्यांची ओळख करून द्यायची आहे.

वजाबाकीत ऋण संख्या आली की उपसा-भरण्याची गोष्ट थोडी ताणावी लागते. ‘उणे दोन टक्के उपसा’ म्हणजे काय, हे पाटबंधारे खात्यालाही सांगता यायचं नाही. तिथे अंतर विचारायचं. ऑगस्टमध्ये पातळी ६ वर आहे, मे महिन्यात −२ वर होती, तर किती फरक पडला? तो बोटाने मोजतो, −२ पासून शून्यापर्यंत दोन, शून्यापासून सहापर्यंत सहा, झाले आठ. ६ − (−२) = ८ हे उत्तर गोल न काढता आलं. सातवंही तसंच. पातळी −६ वर होती, आता −४ वर आहे. वर आलो की खाली गेलो? वर. किती? दोन. अंगठ्याखालचं रहस्य संपलं.

गुणाकारही या रेषेवर दाखवता येतो. धरण दर आठवड्याला चार टक्के उतरतं आहे, म्हणजे −४. तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे −३, पातळी आजच्यापेक्षा कुठे होती? बारा टक्के वर. (−४) × (−३) = १२. इथे ‘मायनस मायनस प्लस’ का होतं, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. आजवर त्याने ते फक्त ऐकलं होतं. एवढंच लक्षात असू द्या की धरणाला तळ आहे. ७३८ भागिले २,१७१ केलं तर मृतसाठा उपयुक्त साठ्याच्या ३४ टक्के भरतो, म्हणजे उणे चौतीसच्या आसपास जायकवाडी कोरडी पडेल. संख्यारेषेला मात्र तळ नाही. उद्या उदाहरणात −५०० आलं आणि तो ‘सर, धरणात एवढं पाणीच नाही’ म्हणाला, तर ती चूक नसून शंका आहे, तिचा मान ठेवा.

तुमच्या घरातल्या आजोबांचा निरोपही मिळाला. ‘शून्यापेक्षा कमी काही असतंच कसं? मुलांना काहीही शिकवतात.’ त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्यांच्या बाजूने भास्कराचार्य उभे आहेत. आपल्याकडून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावाजवळ पाटण आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरेल त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे. तर कळपात माकडं किती?

उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, तीन गेले सात, सातचा वर्ग एकोणपन्नास आणि फांदीवरचं एक. जमलं. पाचचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्याचा वर्ग चार आणि फांदीवरचं एक, झाली पाच. हिशोब हाही चोख जमतो. तरी भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर घेतलं नाही, कारण वाटेत उणे दोन माकडं लागतात आणि उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही. ऋण संख्यांचे सगळे नियम त्यांना पाठ होते. ते ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. पण नियम चालतो म्हणून माकडं चालत नाहीत, एवढं भान त्यांनी ठेवलं. चिरंजीवांचं अगदी उलट झालं आहे. त्यांचा नियम चालला की धरण, माकडं, नाशिक, सगळं चालतं. आजोबांनी त्याला ‘असं असेल का रे?’ हा एक प्रश्न विचारायची सवय लावली, तर माझं निम्मं काम होईल.

घरी काय करायचं, तेवढं आता थोडक्यात. पहिलं म्हणजे पन्नास उदाहरणांचा सराव देऊ नका. चुकीच्या नियमाने पन्नास उदाहरणं सोडवली की तो नियम पन्नास पटीने पक्का होतो, आणि तोंडी म्हटलेलं विसरतं तसं हाताने केलेलं लवकर विसरत नाही. रोज चारच द्या, पण जोडीने द्या : −३ − ८ आणि शेजारी (−३) × (−८). −७ + ३ आणि शेजारी (−७) × ३. दोन्हींची उत्तरं वेगळी का, हे त्याला तोंडी सांगू द्या.

दुसरं, ते गाणं घरात बंद. म्हणायचंच झालं तर ‘गुणाकारात’ हा शब्द जोडून म्हणा, चाल बिघडली तरी चालेल. वाचताना संख्येच्या चिन्हाला ‘ऋण’ आणि क्रियेला ‘वजा’ म्हणा. ‘ऋण तीन वजा आठ’ असं वाचलं की ते दोघे भाऊ आहेत असा संशय येत नाही.

तिसरं, उत्तर काढण्याआधी एकच विचारा : ‘जिथून निघालास तिथून वर जाणार की खाली?’ −७ + ३ मध्ये वर. मग −१० कसं येईल? −१० तर −७ च्याही खाली आहे. ही एक तपासणी त्याच्या चारही चुका पकडते. इथे एक धोका मात्र आहे. सात हे तीनपेक्षा मोठं म्हणून −७ हेही −३ पेक्षा मोठं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. तुमच्या चिरंजीवांचं तसं नाही, मी पाहिलं. पण मधूनमधून विचारत राहा.

आणि फोटोबद्दल. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमधून काळापांढरा फोटो पाठवू नका. त्याला पेन्सिलीची पुसट रेघ म्हणजे कागदावरचा डाग वाटतो आणि तो ती साफ करून टाकतो. दहा रुपयांच्या पेन्सिलीने काढलेला उणे जातो, −४ चं ४ होतं आणि मी मुलाला भलत्याच रोगाचं औषध देतो. एकरेघी वहीत उणे चिन्ह वहीच्याच छापील रेघेवर पडून नाहीसं होतं, म्हणून चौकटीची वही घ्या. फोटो काढण्यापूर्वी खोडरबर फिरवू नका आणि ‘स्वच्छ करून’ दुसऱ्या पानावर उतरवूनही घेऊ नका. मला सुंदर वही नको, गचाळ वही हवी. पुसलेले आकडे, गोल, बाण, मागच्या पानावरचं कच्चं काम, सगळं हवं. फक्त अंगठा नको.

सुधारणा झाली हे ओळखायचं कसं? ८ पैकी ८ आले म्हणून समाधान मानू नका, आठही उत्तरं एखाद्या नव्या गाण्यानेही येऊ शकतात. त्याला −१ − १ द्या आणि या उदाहरणाची एक गोष्ट सांग म्हणा. उत्तर −२ आणि गोष्टीत कुणीतरी आणखी खाली गेलेलं, आणखी कर्जात बुडालेलं किंवा आणखी आटलेलं असलं, की झालं. पुढे बीजगणितात कंसाबाहेर उणे आला, −(क − ३) असं काही समोर आलं, की हा आजार पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा घाबरू नका, लाल चेहरा पाठवू नका, पान पाठवा.

शेवटी एक नाजूक बाब. फोटोनंतर रात्री पावणेबाराला तुमचा आणखी एक संदेश आला होता : ‘सर, पाचवं तर बरोबर आहे ना? मायनस मायनस प्लस. बाईंनी चूक का दिलं?’ मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर हे पत्र आहे. सोबत तीन उदाहरणं पाठवतो : −६ + १०, −९ − ५ आणि −२ − (−७). उद्या रात्री जेवणानंतर तुम्ही आणि चिरंजीव, दोघांनी ती वेगवेगळ्या कागदांवर सोडवावीत, एकमेकांच्या कागदात न पाहता. दोन्ही कागदांचे फोटो मला पाठवा, नावं खाली लिहा. ज्याची कमी बरोबर येतील त्याला सोमवारी शिकवणीला पाठवा. फी तीच.

आपला स्नेहांकित,
शिकवणीचे सर